झेड आकृतीतला इलेक्ट्रॉन नक्की कुठे चढतो, आणि एटीपी कुठे तयार होतो?

प्रश्न: प्रकाश अभिक्रियेची झेडच्या आकाराची आकृती मला पाठ आहे, पण समजलेली नाही. इलेक्ट्रॉन वर चढतो, उतरतो, परत चढतो. हे चढणं नक्की कुठलं? पाण्याचं विघटन खालच्या एका कोपऱ्यात दाखवून का सोडून देतात? आणि मधल्या उतारावर ‘एटीपी’ असं लिहून बाण काढलेला असतो, म्हणजे एटीपी तिथेच तयार होतो का?

उत्तर:

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो: नाही, एटीपी तिथे तयार होत नाही. तो बाण सोयीसाठी काढलेला आहे आणि त्यानं बऱ्याच जणांचा गोंधळ केला आहे. पण तिथवर जाण्याआधी आकृतीचा उभा अक्ष नीट वाचायला हवा.

उभ्या अक्षावर उंची नसते आणि पटलातली जागाही नसते. तिथे असतो रेडॉक्स विभव, व्होल्टमध्ये, आणि तोही उलटा: वर ऋण, खाली धन. एखादा रेणू जितका वर, तितका तो इलेक्ट्रॉन देऊन टाकायला उतावीळ. जितका खाली, तितका तो इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला हावरा. अक्ष उलटा काढण्याचं कारण एवढंच, की इलेक्ट्रॉन आपणहून जातो ती दिशा ‘उतार’ म्हणून दिसावी.

आता त्या दोन उंच उभ्या बाणांकडे बघा, पी६८० पासून उत्तेजित पी६८० पर्यंत आणि पी७०० पासून उत्तेजित पी७०० पर्यंत. या बाणांवर इलेक्ट्रॉन कुठेच जात नाही. बाणाच्या तळाशी आणि टोकाशी एकच क्लोरोफिल आहे, त्याच जागी. फोटॉन शोषला गेला आणि त्या क्लोरोफिलचा स्वभाव बदलला, इतकंच. एका रेणूला आकृतीत दोन ठिकाणी काढावं लागतं, कारण अंधारातला पी६८० इलेक्ट्रॉन सोडायला मुळीच तयार नसतो आणि उत्तेजित झालेला पी६८० तो क्षणात देऊन टाकतो. इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर खरोखर उडी मारतो ती फक्त तिरक्या, उतरत्या रेषांवर. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी आकृती सुटते.

बदल किती मोठा होतो, हे हातानं काढता येतं. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हवी असेल तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीनं भागा. ६८० साठी येतात १.८२. पी६८० चा विभव साधारण +१.२ व्होल्ट आहे. त्यातून १.८२ वजा केले की −०.६ च्या आसपास, आणि उत्तेजित पी६८० चं आकृतीतलं स्थान तेच. तसंच ७०० नॅनोमीटरला १.७७ येतात. पी७०० चा विभव साधारण +०.४५, म्हणून उत्तेजित पी७०० पोहोचतो −१.३ पर्यंत. दोन्ही बाण जवळजवळ सारख्याच लांबीचे आहेत. फक्त एक खालून सुरू होतो आणि दुसरा बऱ्याच वरून.

इथे एक रास्त शंका येते. इलेक्ट्रॉन जिथून निघतो ती पाणी आणि ऑक्सिजन ही जोडी +०.८२ वर आहे, आणि तो शेवटी जिथे पोहोचतो तो एनएडीपी −०.३२ वर. अंतर १.१४ व्होल्ट. एका फोटॉनमध्ये १.८ आहेत, मग एकच टप्पा का पुरत नाही?

कारण मिळालेली उंची टिकवायची तर तिचा बराचसा भाग सोडून द्यावा लागतो. उत्तेजित पी६८० नं इलेक्ट्रॉन दिला की शेजारी धनभारित पी६८० उरतो, आणि तो इलेक्ट्रॉन परत तिथेच पडला तर सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हे टाळायचं तर इलेक्ट्रॉनला ताबडतोब लांब न्यायला हवं, आणि झटपट लांब नेण्यासाठी प्रत्येक उडीला भरपूर उतार हवा. म्हणून पी६८० कडून फिओफायटिनकडे काही पिकोसेकंदांत, तिथून काहीशे पिकोसेकंदांत पहिल्या क्विनोनकडे, म्हणजे क्यू-ए कडे. तो साधारण −०.१ वर आहे. दोन उड्यांत अर्धा व्होल्ट गेला. पुढे प्लास्टोक्विनोन शून्याच्या जरा खाली, धन बाजूला. इलेक्ट्रॉन आता सुरक्षित आहे खरा, पण इथून −०.३२ वरच्या एनएडीपीकडे त्याला आपणहून जाता येणार नाही. तळाच्या टोकालाही असाच खर्च आहे. पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढायचा तर +०.८२ पेक्षा बरंच खाली बसलेलं कुणीतरी हवं, म्हणून पी६८० +१.२ वर आहे. दोन्ही टोकांची ही तरतूद केल्यावर एका फोटॉनमध्ये भागत नाही, दुसरा लागतोच.

ही मांडणी १९६० मध्ये रॉबर्ट हिल आणि फे बेंडॉल यांनी सुचवली, तीही हरितलवकातल्या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या दोन प्रथिनांच्या, म्हणजे सायटोक्रोमांच्या, विभवांवरून तर्क करत. पुढच्याच वर्षी डॉयसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या शैवालावर एक सुंदर प्रयोग केला. एका रंगाचा प्रकाश टाकला की सायटोक्रोमचं ऑक्सिडीभवन व्हायचं, म्हणजे त्याच्याकडचा इलेक्ट्रॉन जायचा. दुसऱ्या रंगाचा टाकला की त्याचं क्षपण व्हायचं, इलेक्ट्रॉन परत यायचा. एक प्रणाली त्या सायटोक्रोमकडून इलेक्ट्रॉन काढते आणि दुसरी त्याला पुरवते, याचाच अर्थ दोन्ही एकामागोमाग जोडलेल्या आहेत आणि सायटोक्रोम मधे आहे. क्रमांकांनी मात्र घोळ घातला: इलेक्ट्रॉनला आधी लागते ती पी६८० ची प्रकाशप्रणाली २ आणि नंतर पी७०० ची प्रकाशप्रणाली १.

आता तो खालचा डावा कोपरा. तिथे फक्त ‘पाणी → ऑक्सिजन’ असा छोटा बाण असतो, आणि माझ्या मते अख्ख्या आकृतीत सर्वात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. अडचण हिशेबाची आहे. पी६८० एका फोटॉनमागे एकच इलेक्ट्रॉन गमावतो, म्हणून त्याला भरपाईही एकाच इलेक्ट्रॉनची हवी असते. पाण्याचा हिशेब मात्र चारांचा आहे:

2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻

पाण्याकडून एकेक इलेक्ट्रॉन काढत गेलात तर मधल्या पायऱ्यांवर हायड्रॉक्सिल मूलकासारखे अतिशय विध्वंसक पदार्थ मोकळे होतील आणि शेजारची प्रथिनं जाळतील. म्हणून मधे एक साठवणीची जागा आहे: चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि त्यांना बांधणारे पाच ऑक्सिजन अणू यांचा छोटा गुच्छ. पी६८० चा प्रत्येक धनभार टायरोसीन या अमिनो आम्लामार्फत या गुच्छाकडे पोहोचतो. गुच्छ स्वतः एकेक इलेक्ट्रॉन देत राहतो, चार देऊन झाले की दोन पाण्यांकडून चार एकदम वसूल करतो, आणि ऑक्सिजनचा रेणू बाहेर पडतो. पाण्याचं विघटन हे प्रकाशाचं थेट काम नाही. प्रकाश पी६८० ला रिकामा करतो, पी६८० गुच्छाला, आणि गुच्छ पाण्याला.

हे कळलं कसं? पिएर जोलिओ यांनी १९६९ मध्ये अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे अतिशय छोटे झोत एकामागून एक टाकले. झोत इतका छोटा की प्रकाशप्रणाली २ च्या प्रत्येक केंद्राला, म्हणजे एक पी६८० आणि त्याचा गुच्छ यांना, साधारण एकदाच काम करता यावं. पहिल्या झोताला ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. दुसऱ्यालाही नगण्य. तिसऱ्याला भरपूर, मग सातव्याला, मग अकराव्याला. चाराची लय लगेच दिसते, पण पहिलं शिखर चौथ्याऐवजी तिसऱ्या झोताला का? बेसेल कोक यांनी १९७० मध्ये दिलेलं उत्तर असं: गुच्छाच्या अवस्थांना एस-शून्य, एस-एक, एस-दोन, एस-तीन, एस-चार म्हणू. अंधारात बहुतेक गुच्छ शून्यावर न थांबता एस-एकवर स्थिरावतात. म्हणजे एक इलेक्ट्रॉन आधीच दिलेला असतो आणि तीनच उरतात. झोत पुढे चालू ठेवले तर शिखरं बसकी होत जातात आणि विसाव्या-पंचविसाव्या झोतापर्यंत लय विरते, कारण दर झोताला काही केंद्रं चुकतात, काही दोनदा काम करतात आणि सगळे गुच्छ एकमेकांच्या पायरीत राहत नाहीत. चार इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या केंद्रांकडून गोळा होत असते तर ही लय मुळात दिसलीच नसती. प्रत्येक केंद्राची मोजणी स्वतंत्र आहे.

हा गुच्छ नाजूकही आहे. हरितलवकं काही मिनिटं गरम राहिली की साखळीतला हाच भाग सहसा आधी बिघडतो. ते ओळखण्याची जुनी युक्ती म्हणजे डायफिनाइलकार्बाझाइड घालणं. हे रसायन पाण्याऐवजी स्वतःच प्रकाशप्रणाली २ ला इलेक्ट्रॉन देतं. ते घातल्यावर थांबलेला इलेक्ट्रॉनप्रवाह परत सुरू झाला, तर बिघाड पाण्याच्या बाजूला आहे आणि पी६८० शाबूत आहे.

आता एटीपी. आकृतीतला मधला उतार, प्लास्टोक्विनोन ते पी७०० ला इलेक्ट्रॉन पुरवणारा प्लास्टोसायनिन, यात साधारण पाव-एक व्होल्टचा फरक आहे. या उतारावर जे खरोखर घडतं ते इतकंच: प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. थायलॅकॉइड ही बंद पिशवी आहे. बाहेर स्ट्रोमा, आत ल्युमेन. प्लास्टोक्विनोनला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की तो स्ट्रोमाच्या बाजूनं दोन प्रोटॉनही उचलतो, पटलाच्या तेलकट थरातून तरंगत सायटोक्रोम बी६एफ या प्रथिनसंकुलाकडे जातो, तिथे इलेक्ट्रॉन सोपवतो आणि प्रोटॉन ल्युमेनमध्ये सोडतो. यात एक खुबी आहे. त्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी एकच पुढे प्लास्टोसायनिनकडे जातो. दुसरा बी६एफ मधून मागे वळून दुसऱ्या एका प्लास्टोक्विनोनला मिळतो, आणि तोही पुन्हा स्ट्रोमाकडूनच प्रोटॉन उचलतो. परिणामी पुढे गेलेल्या दर इलेक्ट्रॉनमागे दोन प्रोटॉन आत येतात. याला क्यू-चक्र म्हणतात. झेड आकृतीत ते मावत नाही, कारण त्या आकृतीला आत आणि बाहेर माहीतच नाही.

एका ऑक्सिजन रेणूचा पूर्ण हिशेब मांडू. चार इलेक्ट्रॉन निघाले, दोन्ही प्रणाली मिळून आठ फोटॉन लागले. पाण्याच्या विघटनातून ल्युमेनमध्येच चार प्रोटॉन मोकळे झाले. हे आठवणीत ठेवा, कारण पाण्याचा कोपरा एटीपीलाही हातभार लावतो. क्यू-चक्रातून आले आठ. एकूण बारा. दुसऱ्या टोकाला चार इलेक्ट्रॉनांतून एनएडीपीएचचे दोन रेणू झाले.

हे बारा प्रोटॉन परत बाहेर पडतात ते एटीपी सिंथेजमधून. त्याचा पटलात रुतलेला भाग एक चक्र आहे. पालकाच्या हरितलवकात या चक्राला चौदा घटक असल्याचं २००० साली अणुबल सूक्ष्मदर्शकानं दिसलं. प्रत्येक प्रोटॉन चक्र एका घटकानं पुढे ढकलतो, आणि एका पूर्ण फेरीत वरचा भाग तीन एटीपी बनवतो. म्हणजे एका एटीपीला १४ भागिले ३, साधारण ४.६७ प्रोटॉन. बारा प्रोटॉनांत किती? २.५७ एटीपी.

अडचण इथेच आहे. एक कार्बन डायऑक्साइड बांधायला केल्विन चक्राला तीन एटीपी आणि दोन एनएडीपीएच लागतात. एनएडीपीएच बरोबर दोन मिळाले, एटीपी मात्र कमी पडला. जुन्या पुस्तकांत एका एटीपीला चार प्रोटॉन धरून बारातून नेमके तीन काढलेले आढळतात. मीही शिकवायला लागलो तेव्हा तेच शिकवलं. ते इतकं चपखल बसायचं की संशय यायला हवा होता. खरी गरज चौदा प्रोटॉनांची आहे, दोन कमी पडतात. ही तूट भरण्याची मुख्य वाट म्हणजे चक्रीय प्रवाह: प्रकाशप्रणाली १ नंतरच्या वाहकावर, म्हणजे फेरेडॉक्सिनवर, पोहोचलेला इलेक्ट्रॉन एनएडीपीकडे न जाता प्लास्टोक्विनोनकडे परत येतो आणि बी६एफ मधून पुन्हा उतरतो. त्यात ऑक्सिजन निघत नाही, एनएडीपीएचही होत नाही, फक्त प्रोटॉन आत येतात. बी६एफ च्या हिशेबानं अशी एका इलेक्ट्रॉनची फेरी दोन प्रोटॉन देते. चार सरळ गेलेल्या इलेक्ट्रॉनांमागे एक परत फिरला की चौदा भरले. प्रत्यक्ष पेशीत हे प्रमाण स्थिर नसतं आणि इतरही वाटा असतात, पण आकृतीत तो मागे वळणारा तुटक बाण का काढतात हे यावरून कळावं.

प्रोटॉनांचा नुसता फरक एटीपी बनवू शकतो यावर सुरुवातीला फार कमी जणांचा विश्वास होता. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक जण एखादा उच्च ऊर्जेचा मधला रासायनिक पदार्थ शोधत होते. मग १९६६ मध्ये आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी थायलॅकॉइड अंधारात पीएच ४ च्या द्रावणात भिजवले, आत आम्ल मुरू दिलं, आणि एकदम पीएच ८ च्या द्रावणात टाकले, सोबत एडीपी आणि फॉस्फेट. एटीपी तयार झाला. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनप्रवाह नाही, झेड आकृतीतला एकही बाण चालू नाही. तुमच्या शंकेचं यापेक्षा चोख उत्तर मला माहीत नाही.

शेवटी माझ्याच हातून झालेली एक फजिती सांगतो, कारण इलेक्ट्रॉन आणि एटीपी हे दोन वेगळे हिशेब आहेत हे मला तेव्हा खरं कळलं. थायलॅकॉइड वेगळे काढून ते ऑक्सिजन इलेक्ट्रोडमध्ये ठेवायचे, इलेक्ट्रॉन घ्यायला फेरिसायनाइड घालायचं आणि प्रकाश टाकायचा, असा नेहमीचा प्रयोग होता. एके दिवशी माझ्या नमुन्याचा ऑक्सिजनचा वेग आदल्या दिवसाच्या जवळजवळ दुप्पट आला. मी खूष. पण त्याच नमुन्यात एटीपी मोजला तर नाहीच्या बरोबर. तासभर मी एटीपीच्या मोजणीतच चूक शोधत बसलो.

मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, “अमोनियम क्लोराइड घालून पाहिलंस का?” अमोनिया पटलातून आत शिरतो आणि ल्युमेनमधले प्रोटॉन पकडून आम्लता घालवतो. चांगल्या थायलॅकॉइडांमध्ये तो घातला की ऑक्सिजनचा वेग दोन-तीन पट वाढतो. कारण ल्युमेन आम्ल होत गेलं की बी६एफ वर प्लास्टोक्विनोनला प्रोटॉन सोडणं जड जातं आणि सगळी साखळी तिथे तुंबते. आम्लता गेली की तुंबारा सुटतो. आदल्या दिवशीच्या ताज्या नमुन्यात मी ही वाढ पाहिली होती. आज अमोनियम क्लोराइड घातलं आणि रेषा तसूभरही हलली नाही.

म्हणजे तुंबारा आधीच सुटलेला होता. रात्री मी नमुना सुक्रोजसारखं कोणतंही संरक्षक द्रव्य न घालता साध्या फ्रीझरमध्ये ठेवला होता. गोठण्या-वितळण्यात पटलं गळकी झाली होती. इलेक्ट्रॉन पाण्यापासून फेरिसायनाइडपर्यंत बिनबोभाट, उलट जास्तच वेगानं धावत होते, आणि आत आलेले प्रोटॉन एटीपी सिंथेजला वळसा घालून तसेच बाहेर झिरपत होते. ताजा नमुना आणि हा गळका नमुना यांच्यासाठी झेड आकृती काढली असती, तर दोन्ही आकृत्या रेघेला रेघ सारख्या आल्या असत्या.